सोडियम आधी, पोटॅशियम नंतर: चेतापेशीची एक स्पाइक पायरीपायरीने

सोडियम आत येतं, मग पोटॅशियम बाहेर जातं. अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या बहुतेकांना एवढं वाक्य पाठ असतं. चेतापेशी निरोप पाठवते तेव्हा तिच्या आतलं व्होल्टेज क्षणभर उसळून खाली येतं, त्या उसळीला स्पाइक म्हणतात, आणि हे वाक्य तिचंच वर्णन आहे. मी शिकवायला लागल्यापासून मुलांना या वाक्यातल्या एकाच शब्दावर थांबवत आलो आहे: ‘मग’. सोडियमचं झालं, आता तुझी पाळी, हे पोटॅशियमच्या चॅनेलला, म्हणजे ते ज्या वाटेने जातं तिला, कोण सांगतं?

वर्गात साधारण तीन उत्तरं येतात. आत आलेलं सोडियम पोटॅशियमला बाहेर ढकलतं, हे पहिलं. व्होल्टेज शिखराला पोचलं की पोटॅशियमचे चॅनेल उघडतात, हे दुसरं. तिसऱ्या उत्तरात सोडियम-पोटॅशियम पंप व्होल्टेज पुन्हा खाली आणतो. तिन्ही चुकीची आहेत. ती का चुकतात हे एकदा स्वतः आकडे मांडून पाहिलं की हा क्रम पुन्हा पाठ करावा लागत नाही. म्हणून कागद-पेन्सिल जवळ घ्या. लॉगॅरिदम काढता येणारा कॅल्क्युलेटर असला तर उत्तम.

उदाहरण म्हणून आपण माकूल घेऊ, कोकणात बाजारात मिळतो तोच प्राणी. धोका दिसला की तो पाण्याची पिचकारी मारून मागे झेपावतो, आणि त्यासाठी त्याच्या अंगात एक फार जाड चेतातंतू असतो. युरोपच्या किनाऱ्यावरच्या माकूलात या तंतूची, म्हणजे ॲक्सॉनची, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते. नुसत्या डोळ्यांना तो दिसतो आणि त्याच्या आत तार सरकवता येते. १९३९ साली ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत तेच केलं. पुढे महायुद्ध आडवं आलं, काम थांबलं, आणि पूर्ण उलगडा १९५२ साली प्रसिद्ध झाला. खाली जे आकडे येतील ते याच तंतूचे आहेत.

पायरी १: दोन टोकं काढून घ्या

पेशीचं पटल म्हणजे चरबीचा अतिशय पातळ पडदा. आयन त्यातून जाऊ शकत नाहीत, त्यांना चॅनेल नावाच्या प्रथिनांच्या वाटा लागतात. माकूलाच्या ॲक्सॉनमध्ये आत पोटॅशियम सुमारे ४०० मिलिमोल प्रतिलिटर असतं आणि बाहेर २०. सोडियमचं उलट: आत ५०, बाहेर ४४०.

आता समजा, पडद्यात फक्त पोटॅशियमच्या वाटा उघड्या आहेत. आत पोटॅशियम जास्त आहे, म्हणून ते बाहेर झिरपायला लागेल. पण प्रत्येक पोटॅशियम आयन एक धन प्रभार घेऊन जातो, त्यामुळे आतली बाजू ऋण होत जाते आणि ते ऋण पुढच्या आयनला मागे खेचतं. एका ठरावीक व्होल्टेजला बाहेरची ओढ आणि आतली ओढ सारखी होते. हे व्होल्टेज नर्न्स्टच्या सूत्राने निघतं. २० अंश सेल्सिअसच्या आसपास ते असं लिहिता येतं:

व्होल्टेज (मिलिव्होल्ट) = ५८ × log (बाहेरचं प्रमाण ÷ आतलं प्रमाण)

पोटॅशियमसाठी २० ÷ ४०० म्हणजे ०.०५. त्याचा लॉग −१.३, म्हणून उत्तर सुमारे −७५. सोडियमसाठी ४४० ÷ ५० म्हणजे ८.८. त्याचा लॉग ०.९४, उत्तर सुमारे +५५.

कागदावर एक उभी रेघ मारा. खालच्या टोकाला −७५ लिहून पोटॅशियम, वरच्या टोकाला +५५ लिहून सोडियम. चेतापेशीचं व्होल्टेज सगळा वेळ या दोन टोकांच्या मध्येच हिंडतं. ज्या आयनच्या वाटा जास्त उघड्या, त्याच्या टोकाकडे ते ओढलं जातं.

पायरी २: वाटांचं गुणोत्तर मांडा

ही ओढाताण मोजायला शाळेतली भारित सरासरी पुरते. विश्रांतीत सोडियमची एक वाट उघडी असेल तर पोटॅशियमच्या बारा आहेत असं धरू. मग (१ × ५५ + १२ × −७५) ÷ १३, म्हणजे −६५ मिलिव्होल्ट. खरोखरच्या पडद्यात थोडी किरकोळ गळतीही असते, ती मी या हिशोबात मिसळून टाकली आहे. सुरुवातीला एवढं चालेल.

आता गुणोत्तर उलटं करा. सोडियमच्या पंधरा आणि पोटॅशियमची एक: (१५ × ५५ + १ × −७५) ÷ १६, म्हणजे सुमारे +४७. स्पाइकचं शिखर याच भागात असतं.

यात पाहण्यासारखी गोष्ट ही की आतली आणि बाहेरची प्रमाणं आपण बदललीच नाहीत. ४००, २०, ५०, ४४० हे आकडे जागच्या जागी आहेत. बदललं ते फक्त कोणत्या वाटा उघड्या आहेत हे. माकूलाच्या ॲक्सॉनमध्ये एका स्पाइकला शिरणारं सोडियम मोजलं गेलं आहे. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा हिशोब केला तर ते आत आधीपासून असलेल्या सोडियमच्या साधारण दीड लाखाव्या भागाएवढं येतं. पडद्यापलीकडचं व्होल्टेज शंभर मिलिव्होल्टने हलवायला इतके थोडे आयन पुरतात. म्हणून पंपाचं उत्तर चुकतं. पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत नेतो आणि हा साठा टिकवून ठेवतो, पण एकेका स्पाइकनंतर व्होल्टेज खाली आणणं हे त्याचं काम नाही. विषाने पंप बंद पाडला तरी जाड ॲक्सॉन पुढे बराच वेळ स्पाइक देत राहतो. बारीक तंतूत साठाच लहान असतो, तिथे पंपाची उणीव लवकर जाणवते.

पायरी ३: चॅनेलला व्होल्टेज कसं कळतं ते पाहा

पडदा सुमारे ५ नॅनोमीटर जाड आणि त्यावर ६५ मिलिव्होल्ट. आकडा किरकोळ वाटतो, पण भागाकार केला तर दर सेंटिमीटरला एक लाखाहून जास्त व्होल्ट इतकं तीव्र विद्युतक्षेत्र निघतं. चॅनेलच्या प्रथिनात धन प्रभार असलेल्या चार पट्ट्या असतात. विश्रांतीत आतली ऋण बाजू त्यांना आत ओढून धरते. आतलं ऋण कमी झालं की ही पकड सुटते आणि पट्ट्या बाहेरच्या दिशेला सरकतात. पट्ट्या सरकल्या की वाट उघडते. सोडियमच्या आणि पोटॅशियमच्या अशा दोन्ही चॅनेलमध्ये हीच युक्ती आहे.

सोडियमच्या चॅनेलला याशिवाय एक दुसरं दार आहे. चौथी पट्टी बाकीच्या तिघींपेक्षा सावकाश हलते, आणि ती हलली की आतल्या बाजूचा प्रथिनाचा एक छोटा तुकडा येऊन बसतो आणि वाट मिटते. याला निष्क्रिय होणं म्हणतात. हे दार मिटल्यावर पहिलं दार उघडं असलं तरी उपयोग नाही, आणि व्होल्टेज पुन्हा पुरेसं खाली जाऊन काही वेळ राहिल्याशिवाय ते परत उघडत नाही. ‘बंद’ आणि ‘निष्क्रिय’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. बंद चॅनेल धक्का दिला तर उघडतो. निष्क्रिय चॅनेल कितीही धक्के दिले तरी उघडत नाही. नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, तेव्हा पुढे जाण्याआधी हे दोनदा वाचा.

पायरी ४: ‘मग’ ची परीक्षा

आता मूळ प्रश्न. चेतापेशी मोकळी सोडली तर सगळं एकात एक अडकलेलं असतं: सोडियम व्होल्टेज बदलतं, व्होल्टेज चॅनेल बदलतं, चॅनेल पुन्हा सोडियम बदलतात. कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे वेगळं करता येत नाही. हॉजकिन आणि हक्सली यांनी हा फेरा तोडला. त्यांनी एका इलेक्ट्रॉनिक जोडणीने व्होल्टेज घट्ट धरून ठेवलं. या पद्धतीला व्होल्टेज क्लॅम्प म्हणतात, आणि तिचा पाया अमेरिकेत केनेथ कोल यांनी घातला होता. ॲक्सॉन −६५ वरून एकदम ० मिलिव्होल्टवर न्यायचा आणि तिथेच धरायचा. चॅनेलमधून जितका प्रवाह जाईल तितकाच उलटा प्रवाह यंत्र देतं, म्हणून व्होल्टेज हलत नाही. यंत्राने किती द्यावा लागला हे मोजलं की चॅनेलमधून किती गेला ते कळतं.

दिसलं ते असं. आधी आत जाणारा प्रवाह झपाट्याने वाढला आणि थोड्याच वेळात ओसरला. त्याच्या मागोमाग बाहेर जाणारा प्रवाह हळूहळू चढला आणि व्होल्टेज धरून ठेवलं तोवर टिकला. मग त्यांनी बाहेरच्या समुद्राच्या पाण्यातलं सोडियम काढून त्या जागी कोलीन घातलं. कोलीन या वाटेने आत जाऊ शकत नाही. आत जाणारा प्रवाह नाहीसा झाला. बाहेर जाणारा पोटॅशियमचा प्रवाह मात्र आला, आणि तितकाच उशिरा आला.

या एका प्रयोगाने पहिली दोन उत्तरं निकालात निघतात. आत सोडियम आलंच नाही, म्हणजे त्याने कोणाला ढकलायचा प्रश्न नाही. व्होल्टेज पहिल्या क्षणापासून ० वर स्थिर होतं, म्हणजे शिखराची वाट पाहायचाही प्रश्न नाही. तरी पोटॅशियमचे चॅनेल उशिरा उघडले. याचा अर्थ उशीर त्यांच्या स्वतःच्या अंगात आहे. व्होल्टेज बदलल्याची वर्दी दोन्ही चॅनेलना एकाच क्षणी मिळते. सोडियमचं उघडणारं दार, सोडियमचं मिटणारं दार आणि पोटॅशियमचं दार ही तिन्ही एकाच वेळी हलायला लागतात, फक्त प्रत्येकाची चाल वेगळी.

पायरी ५: तीन घड्याळं लावून मोजा

हॉजकिन आणि हक्सली यांनी बसवलेल्या समीकरणांतून प्रत्येक दाराची चाल काढता येते. ६ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात, ० मिलिव्होल्टला, सोडियमचं उघडणारं दार साधारण पाव मिलिसेकंदाच्या हिशोबाने हलतं. मिटणारं दार १ मिलिसेकंदाच्या हिशोबाने. पोटॅशियमचं दार सुमारे १.६ मिलिसेकंदाच्या.

पोटॅशियमला मागे ठेवणारी आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या चॅनेलचे चार भाग असतात आणि चारही हलल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. प्रत्येक भाग हललेला असण्याची शक्यता निम्मी असेल तर चारही हललेले असण्याची शक्यता १६ मध्ये १. म्हणून त्याचा प्रवाह सुरुवातीला जवळपास दिसतच नाही आणि मग चढतो. सोडियमच्या उघडण्याला तीनच भाग लागतात, आणि तेही चपळ.

प्रत्येकी १०० चॅनेल घेऊन मी हा हिशोब केला. सुरुवातीला, −६५ वर, सोडियमचा जवळपास एकही उघडा नाही आणि पोटॅशियमचा १ उघडा आहे. व्होल्टेज ० वर नेल्यानंतर अर्ध्या मिलिसेकंदाने सोडियमचे २३ उघडे आहेत आणि पोटॅशियमचे ५. तीन मिलिसेकंदांनी सोडियमचे ३ उरले आहेत आणि पोटॅशियमचे ४४ झाले आहेत. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, तरी आधी सोडियम आणि नंतर पोटॅशियम असा क्रम तयार झाला.

सगळे सोडियम चॅनेल उघडले तर या पडद्यात जितकी वहनक्षमता येते ती पोटॅशियमच्या सुमारे सव्वातीन पट आहे. तेवढं धरून आकडे पायरी २ मधल्या सरासरीत घाला. अर्ध्या मिलिसेकंदाला गुणोत्तर साधारण १५ ला १ येतं, म्हणजे ओढ +४७ कडे. तीन मिलिसेकंदांनी १ ला ४, म्हणजे ओढ −४९ कडे. खऱ्या स्पाइकमध्ये व्होल्टेज धरून ठेवलेलं नसतं. ते खाली यायला लागलं की उरलेसुरले सोडियम चॅनेलही बंद होतात, म्हणून घसरण −४९ ला थांबत नाही.

पायरी ६: आता मोकळी स्पाइक चालवून पाहा

पडदा −६५ वर आहे. कुठून तरी धक्का येतो आणि व्होल्टेज −५५ च्या आसपास पोचतं. काही सोडियम चॅनेल उघडतात, सोडियम आत येतं, व्होल्टेज आणखी वर जातं, त्यामुळे आणखी चॅनेल उघडतात. ही उकळी आपोआप वाढते. धक्का लहान असेल तर पोटॅशियमची आणि गळतीची बाहेरची ओढ जिंकते आणि काहीच होत नाही. धक्का पुरेसा असेल तर सोडियमची ओढ वरचढ ठरते आणि मग धक्का किती मोठा होता याने फरक पडत नाही. उंबरठा म्हणतात तो हाच, आणि त्याची जागा पेशीगणिक, वेळेगणिक थोडी सरकते.

व्होल्टेज +४० च्या जवळ जातं. तोवर मिटणाऱ्या दारांनी सोडियमची वाट आवळायला सुरुवात केलेली असते आणि पोटॅशियमची दारं उघडत असतात. व्होल्टेज कोसळतं. पोटॅशियमची दारं मिटायलाही सावकाशच असतात, म्हणून व्होल्टेज −६५ च्याही खाली, −७५ च्या दिशेने उतरतं आणि मग हळूहळू जागेवर येतं. या काळात बरेचसे सोडियम चॅनेल अजून निष्क्रियच असतात. म्हणून लगेच दुसरी स्पाइक देता येत नाही. पुढे धावणारी स्पाइक आल्या वाटेने मागे फिरत नाही तेही यामुळेच, कारण मागचा पट्टा अजून सावरलेला नसतो.

यातला एकेक भाग काढून पाहिला की त्याचं काम कळतं. पोटॅशियमच्या वाटा बुजवणारं टीईए नावाचं द्रव्य ॲक्सॉनच्या आत सोडलं तर स्पाइक वर चढते पण खाली यायला फार वेळ घेते. आलेखात टोकाऐवजी पठार दिसतं. पफर माशातलं टेट्रोडोटॉक्सिन बाहेरून सोडियमच्या वाटेत अडकतं. मग स्पाइक निघतच नाही, पण विश्रांतीचं व्होल्टेज जवळपास जसंच्या तसं राहतं. दाढ बधिर करायला डॉक्टर लिग्नोकेन टोचतात, तेही सोडियमचेच चॅनेल अडवतं, मात्र आतल्या बाजूने.

पायरी ७: समजलं का, हे एका फसव्या प्रश्नाने तपासा

बाहेरचं पोटॅशियम २० ऐवजी ४० केलं. चेतापेशी जास्त सहज पेटेल, म्हणजे स्पाइक देईल, की कमी?

सूत्रात घाला: ४० ÷ ४०० म्हणजे ०.१, लॉग −१, पोटॅशियमचं टोक −७५ वरून −५८ वर आलं. विश्रांतीचं व्होल्टेजही वर सरकणार, उंबरठ्याच्या जवळ. बहुतेक जण इथे थांबतात आणि ‘जास्त सहज’ असं लिहितात. पहिल्या काही क्षणांपुरतं ते खरंही असू शकतं. पण मिटणारं दार आठवा. −६५ वर १०० पैकी सुमारे ६० सोडियम चॅनेल उघडायला तयार असतात. त्याच समीकरणांनुसार −५० वर तयार राहतात फक्त १५. व्होल्टेज सावकाश वर आलं आणि तिथेच राहिलं, तर उकळी सुरू होण्याआधीच बरेचसे चॅनेल निष्क्रिय होऊन बसतात. पेशी उंबरठ्याजवळ असूनही पेटत नाही. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलेल्या रुग्णाचे स्नायू ताठ न होता दुबळे पडतात, त्यामागे हेच कारण आहे. माणसाच्या रक्तात ते साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असतं, आणि हृदयाच्या पेशींनाही हाच नियम लागू असल्याने ही वाढ जिवावर बेतू शकते.

हे उत्तर तुम्ही न पाहता काढू शकलात, तर ‘बंद’ आणि ‘निष्क्रिय’ मधला फरक पक्का झाला असं समजा. नसेल जमलं तर पायरी ३ कडे परत जा. पायरी ४ मधला प्रयोग लक्षात राहिला असला तरी या फरकाशिवाय तो अर्धाच कळतो.

माकूलाचे आकडे आपल्या शरीराला जसेच्या तसे लावू नका. तापमान १० अंशांनी वाढलं की या दारांची चाल साधारण तिप्पट होते. ३७ अंशांना आपल्या चेतातंतूतली स्पाइक एक मिलिसेकंदाच्या आत उरकते ती म्हणूनच. शिवाय सस्तन प्राण्यांच्या मायलिनचं आवरण असलेल्या तंतूंत स्पाइक जिथे तयार होते, त्या आवरणातल्या खंडांवर, म्हणजे रॅनव्हिएच्या गाठींवर, उशिरा उघडणारे पोटॅशियम चॅनेल फारच थोडे असतात. तिथे व्होल्टेज खाली येतं ते मुख्यतः सोडियमची दारं मिटल्याने आणि साध्या गळतीने. म्हणजे ‘मग पोटॅशियम’ हा भाग काही तंतूंत जवळपास गाळलेलाच आहे, आणि मिटणारं दार मात्र तिथेही वेळेवर मिटतं.